दोन्ही फोन ५० मेगापिक्सलचे, तरी रंकाळ्याचा फोटो वेगळा का येतो?

मोबाईलच्या दुकानात दोन फोन शेजारी ठेवलेले असतात आणि दोन्हींवर ‘५० मेगापिक्सल’ लिहिलेलं असतं. भर दुपारी दोघांचे फोटो जवळपास सारखेच दिसतात. फरक कळतो तो दिवेलागणीला रंकाळ्यावर. एकात शालिनी पॅलेसच्या कमानी स्वच्छ उठून दिसतात, तर दुसऱ्यात आभाळभर रंगीत दाणे दिसतात, किंवा ते झाकण्याच्या नादात फोनने सगळा बारकावाच पुसलेला असतो.

हा फरक सेन्सरच्या, म्हणजे भिंगामागच्या प्रकाश टिपणाऱ्या तुकड्याच्या आकाराचा. स्वस्त फोनमध्ये ५० मेगापिक्सल बऱ्याचदा ५.२ बाय ३.९ मिलिमीटरच्या तुकड्यावर बसवलेले असतात. तिथे एक पिक्सल ०.६४ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. दुसऱ्या फोनमध्ये तेवढेच पिक्सल साधारण ८.२ बाय ६.१ मिलिमीटरवर असतात आणि प्रत्येक पिक्सल १ मायक्रॉनचा असतो. क्षेत्रफळ जवळपास अडीचपट, म्हणून दोन्हींचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भिंगाचं तोंड, f/1.8 असलं तरी तितक्याच वेळात मोठ्या सेन्सरवर अडीचपट प्रकाश गोळा होतो. पावसाचं पाणी धरायला पातेलं किती रुंद आहे ते बघतात, तसंच हे. प्रकाश कमी पडला की दाणे दिसायला लागतात.

पिक्सल बारीक केले म्हणून बारकावा वाढेलच असंही नाही. f/1.8 ला हिरव्या प्रकाशाचा एक बिंदूसुद्धा भिंगातून येताना सुमारे २.४ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, म्हणजे ०.६४ मायक्रॉनच्या जवळजवळ चार पिक्सलांच्या रुंदीवर पसरतो. भिंग कितीही निर्दोष असलं तरी ही मर्यादा सुटत नाही. तसंही असे फोन सहसा चार पिक्सल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सलचाच फोटो जतन करतात. ए-फोर आकाराच्या चांगल्या छपाईलाही ९ मेगापिक्सल पुरतात.

ॲपर्चरचा आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं. f/2.4 पेक्षा f/1.8 मधून पावणेदोनपटीहून थोडा जास्त प्रकाश येतो.

राहिलं स्थिरीकरण, म्हणजे ओआयएस. हात थोडा हलला तरी भिंग किंवा सेन्सर उलट दिशेने सरकतो, त्यामुळे रंकाळ्यावर एक अष्टमांश सेकंदाचा फोटोही हातात धरून निघू शकतो. पण खासबागेत पैलवानाने पट काढला, तर तिथे हलतोय पैलवान, तुमचा हात नव्हे. ओआयएस तिथे काहीच करू शकत नाही. त्या क्षणाला सेकंदाचा अडीचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ हवा, आणि इतक्या कमी वेळात पुरेसा प्रकाश हवा म्हणजे पुन्हा मोठा सेन्सर आणि मोठं ॲपर्चर.

फोन घेताना तपशिलाच्या पानावर सेन्सरच्या आकाराची 1/1.56" अशी नोंद शोधा. 1/2.76" हा सेन्सर त्याच्यापेक्षा लहान, खालचा आकडा मोठा असला तरी. ही नोंदच दिली नसेल, तर पिक्सलचा मायक्रॉनमधला आकार बघा. चार पिक्सल एकत्र करून फुगवलेला आकडा तर दिलेला नाही ना, तेवढं तपासा.