टोचणारा ‘स’ आणि डी-एसर: बोबडेपणा येतो कुठून?

डी-एसर म्हणजे आवाजातला टोचणारा ‘स’ दाबणारं यंत्र. तो मुळात निवेदकाच्या आवाजासाठी नव्हे, ध्वनिमुद्रणाचं माध्यम वाचवण्यासाठी आला. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशपट्टीच्या रूपात छापला जाई. जोरकस ‘स’ आला की ती बारीक नक्षी फासली जाऊन आवाज खरखरीत व्हायचा. पुढे तबकड्यांवर हीच अडचण आली. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना RIAA हिच्या 1954च्या मानकानुसार तबकडी कोरताना 10 किलोहर्ट्झजवळचा आवाज सुमारे 14 डेसिबलने वाढवला जाई. त्यात तीव्र ‘स’ मिसळला की कोरणाऱ्या हेडची कॉइल तापायची आणि घरच्या सुईला ती खाच नीट वाचता यायची नाही. तिथे ‘स’ थोडा बोथट झाला तरी चालत असे.

यंत्राची रचना मात्र तेव्हापासून फारशी बदललेली नाही. आवाजाची एक प्रत फिल्टरमधून जाते, तिथे फक्त ‘स’चा सीत्कार उरतो. तो थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या पातळीच्या, वर गेला की मूळ आवाज दाबला जातो. काही डी-एसर सगळा आवाज दाबतात, काही फक्त वरचा पट्टा. स्थिर थ्रेशोल्डची खोड अशी, की हळू वाक्यातला ‘स’ निसटतो आणि मोठ्याने बोललेल्या वाक्यात साधा ‘स’ही चिरडला जातो. dbx 902 या डी-एसरने यावर चांगला तोडगा काढला: पातळी न मोजता वरच्या पट्ट्याचं एकूण आवाजाशी असलेलं प्रमाण मोजायचं.

आज फाइलमध्ये ना खाच, ना कॉइल. तरीही लोक 10-12 डेसिबल कपात सहज लावतात, आणि बोबडेपणा तिथेच सुरू होतो. ‘स’ची ओळख पाच किलोहर्ट्झच्या वरच्या जोरदार सळसळीत असते, ती फार खाली गेली की उरलेला क्षीण फुत्कार कानाला ‘थ’सारखा वाटतो.

‘शेवटची सभा सहाला संपली’ हे वाक्य घ्या. ‘श’चा जोर ‘स’पेक्षा खाली, तीन-चार किलोहर्ट्झपासूनच सुरू होतो. म्हणून फिल्टर तीनवर ठेवला तर ‘श’ नाहक पातळ होतो. डी-एसरमधली ‘ऐका’ सोय (Listen) चालू करून पट्टा साडेपाचपासून वर सरकवा आणि ‘सभा’, ‘सहा’ जिथे सर्वात टोचतात तिथे थांबा. बहुतेक आवाजांत ते सहा ते आठच्या दरम्यान सापडतं. मग थ्रेशोल्ड असा लावा, की मीटर फक्त ‘स’वर हलेल आणि कपात चार-पाच डेसिबलवर थांबेल. स्वरावरही मीटर हलत असेल तर थ्रेशोल्ड खाली गेला आहे. रिलीज, म्हणजे ‘स’ संपल्यावर कपात सुटायला लागणारा वेळ, 40-50 मिलिसेकंद पुरे. तो लांबला तर ‘सहा’तला ‘अ’ही मंद होतो.

डी-एसर कॉम्प्रेसरनंतर ठेवलेला बरा, कारण कॉम्प्रेसर मोठे स्वर दाबतो आणि ‘स’ तुलनेने वर येतो. एवढं करूनही एखाददुसरा ‘स’ टोचत राहिला, तर सगळ्या फाइलची कपात वाढवू नका; तेवढाच तुकडा निवडून त्याचा गेन तीन डेसिबल उतरवा.