मामांच्या आवाजाखालचं गाणं

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मामेभावाने त्यांची एक क्लिप केली होती, २ मिनिटं ४० सेकंदांची. काडीवरचा फळधारक डोळा कसा ओळखायचा, कात्री कुठे चालवायची, छाटणीनंतर पेस्ट कधी लावायची, हे मामा बागेत उभं राहून सांगताहेत. पोराने मोबाइलवरच एडिटिंग केलं, खाली एक गाजलेलं गाणं लावलं, क्लिप तयार झाल्यावर फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ शूटिंग पुसून टाकलं. पुढे ज्या ॲपवर क्लिप टाकली तिथे गाण्याच्या हक्कांमुळे तिचा आवाज बंद झाला. मामांच्या शेतकरी गटाला तीच क्लिप बैठकीत दाखवायची होती. पोरगा नाशिकला माझ्याकडे, गंगापूर रोडच्या एडिटिंगच्या खोलीत आला आणि म्हणाला, "दादा, यातलं गाणं तेवढं काढून दुसरं लावून दे."

मागणी सरळ वाटते. पण गाणं मामांच्या आवाजाखाली चटईसारखं अंथरलेलं नसतं, की ओढलं आणि निघालं. क्लिप तयार होताना दोन्ही आवाजांची बेरीज होते. सेकंदाला ४४,१०० वेळा एक आकडा मोजला जातो आणि तो आकडा मामा अधिक गाणं असा एकच असतो. बेरीज १० असेल तर ती ७ अधिक ३ होती की १२ वजा २, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. समीकरण एक आणि अज्ञात दोन, अशी ही अडचण आहे.

गाण्यातून गायकाचा आवाज घालवायची एक जुनी युक्ती अनेकांना माहीत असते. गायक डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच मिसळलेला असतो, म्हणून एकातून दुसरी बाजू वजा केली की तो नाहीसा होतो. इथे तिचा उपयोग नाही. मामांचा आवाजही दोन्ही बाजूंना सारखाच आहे, त्यामुळे वजाबाकीत नेमके तेच जातात आणि गाण्याचा काही भाग हाती राहतो.

मग वेगळं काढायचं कशाच्या आधारावर? आवाजाच्या चित्राच्या. ध्वनीचे साधारण ९३ मिलिसेकंदांचे तुकडे घ्यायचे, प्रत्येक तुकडा मागच्यावर बराचसा चढवलेला, आणि प्रत्येकात कोणती कंपनसंख्या किती जोरात आहे ते मोजायचं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर कंपनसंख्या, आणि जिथे जोर जास्त तिथे रंग गडद. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. पाहायची थोडी सवय झाली की त्यात माणूस ओळखू येतो. मामांचा स्वर १२० हर्ट्झच्या आसपास असेल तर २४०, ३६०, ४८० अशा त्याच्या पटींवर एकावर एक रेघा दिसतात, आणि त्या कधीच सरळ नसतात. बोलताना माणसाचा स्वर सतत चढतो, उतरतो, म्हणून सगळ्या रेघा एकत्र लहरतात. कीबोर्डच्या रेघा मात्र पट्टीने आखल्यासारख्या आडव्या, आणि ढोलाचा ठोका खालच्या भागात गडद डाग टाकतो.

हे चित्र चौकटीचौकटींचं असतं. वेगळं करणारा प्रोग्राम प्रत्येक चौकटीसाठी ० ते १ मधला एक आकडा ठरवतो: यातला किती हिस्सा बोलण्याचा? सगळे आकडे मिळून एक चाळणी तयार होते. मूळ चित्र तिच्यातून गाळलं की आवाज खाली पडतो आणि गाणं वर राहतं. हे आकडे हाताने लिहिलेल्या नियमांतून येत नाहीत. ज्यांचे गायन, ढोल, बास असे ट्रॅक वेगवेगळे उपलब्ध आहेत अशी गाणी प्रोग्रामला दाखवली जातात. मिश्रण दिलं, त्याने अंदाज केला, खऱ्या ट्रॅकशी ताडला, चूक कमी केली, हे असंख्य वेळा. या कामात सर्रास वापरला जाणारा संच १५० गाण्यांचा, जेमतेम १० तासांचा आहे, आणि त्यात बहुतांश पाश्चात्त्य पॉप आणि रॉक आहे. ही गोष्ट पुढे आपल्याला नडणार आहे.

चाळणी अगदी अचूक असली तरी एक खोट राहतेच. समजा एका चौकटीत मामांचा जोर ६ आणि कीबोर्डचा २ आहे. चाळणीचा आकडा झाला ०.७५. आता झोपाळ्याला दोन माणसं ढकलताहेत असं समजा. दोघांची लय जुळली तर जोर ८, एक पुढे ढकलताना दुसरा मागे ओढत असेल तर ४. ध्वनिलहरींचंही असंच आहे. ८ च्या ०.७५ पट घेतले तर ६ मिळतात, अगदी बरोबर. ४ च्या ०.७५ पट मात्र ३ च होतात, मामा निम्मे झाले. शेजारच्या चौकटीत पुन्हा वेगळी लय. ही वरखाली इतकी झरझर होते की आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा, किंचित पाणेरी ऐकू येतो. मी वापरलेला डेमुक्स हा प्रोग्राम यावर काही अंशी उपाय करतो. २०१९ मध्ये फेसबुकच्या संशोधन विभागात तो तयार झाला, आणि आताची आवृत्ती चित्राबरोबर मूळ लहरीवरही थेट काम करते. त्यामुळे पाणेरीपणा कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

क्लिप हाती आल्यावर मी पहिल्यांदा विचारलं की फाइल कुठून आणली. ती कुणाकडून तरी फॉरवर्ड होऊन आलेली होती. "एडिटिंगच्या ॲपमधून जी बाहेर पडली तीच दे," असं सांगून ती मागवली. यामागे कारण आहे. आवाज दाबून फाइल लहान करताना जे कानाला तसंही ऐकू येणार नाही ते फेकून दिलं जातं, आणि मोठ्या आवाजाच्या जवळचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. म्हणजे गाण्याच्या आड झाकलेला मामांच्या बोलण्याचा बारीक अंश आधीच टाकून दिलेला असतो. गाणं असेपर्यंत ती भोकं दिसत नाहीत, गाणं काढलं की उघडी पडतात. फाइल पुन्हा दाबली गेली की दर वेळी ती वाढतात.

मग काम दोन ओळींचं:

```
ffmpeg -i clip.mp4 -vn -ar 44100 clip.wav
demucs --two-stems=vocals clip.wav
```

थोड्या वेळाने `vocals.wav` आणि `no_vocals.wav` अशा दोन फाइली मिळाल्या. पहिल्या ऐकण्यात पोरगा खूश झाला. मामा स्पष्ट बोलत होते, गाणं जवळजवळ गायब होतं. मी हेडफोन लावून बोलण्याऐवजी मामा श्वास घेतात त्या जागा ऐकायला घेतल्या, कारण चूक तिथेच सापडते. तिथे ताशा होता.

गाण्यात नाशिक ढोल आणि ताशा दोन्ही होते. ढोलाने काहीच त्रास दिला नाही. त्याचा दणका मामांच्या स्वराच्या बराच खाली असतो आणि त्याचा डाग चित्रात लगेच ओळखू येतो. ताशाची कडकड मात्र एखाद्या ठराविक स्वराची नसते. ती वरच्या सगळ्या पट्ट्यात विखुरते, आणि आपला 'स', 'श', 'छ' यांचा फुत्कारही तिथेच, ४,००० ते ८,००० हर्ट्झ आणि त्याहून वर असतो. पाश्चात्त्य ड्रमवर शिकलेल्या प्रोग्रामला काडीचा हा झरझर रेला ओळखीचा नाही. त्यामुळे दोन्हीकडून चुका झाल्या होत्या. काही ठोके फुत्कार समजून मामांच्या फाइलमध्ये आले, आणि जिथे ठोका व अक्षर एकदम पडलं तिथे अक्षर गाण्याकडे गेलं. 'छाटणी' एकदा 'आटणी' ऐकू येत होती. दुसरी फाइल ऐकली तेव्हा पुरावा मिळाला, त्या सेकंदाला गाण्यात 'छ' चा फुत्कार अडकलेला होता. एखादं अक्षर बोथट वाटलं तर ते मुळातच तसं होतं की गळालं, हे ठरवायला उरलेली फाइल ऐकण्यासारखा उपाय नाही. आम्ही तेवढ्या क्षणापुरता, ४,००० हर्ट्झच्या वरचा भाग मूळ क्लिपमधून उचलून परत बसवला. त्याबरोबर ताशाचा एक ठोकाही आला, पण शब्द पूर्ण झाला.

आता ही फाइल एकटी ऐकली तर कुणालाही ओरखडे जाणवतील. पण ती एकटी ऐकवायचीच नाही, तिच्याखाली नवं संगीत येणार आहे. जी झाकण्याची करामत फाइल दाबताना आपल्याविरुद्ध गेली, तीच इथे कामी येते. श्वासाच्या जागांत उरलेला ताशा मामांच्या आवाजापेक्षा साधारण ३० डेसिबल खाली होता. नवं संगीत २० डेसिबल खाली ठेवलं की तो त्याच्याआड जातो. संगीत याहून वर घेऊ नये. बोलणं नीट कळण्यासाठी पार्श्वसंगीत किमान २० डेसिबल खाली, म्हणजे कानाला सुमारे चारपट हळू असावं असा संकेत आहे, आणि बैठकीत वयस्कर मंडळी असतात.

इथे संगीताची निवड महत्त्वाची ठरते. आधी आम्ही संथ बासरी लावून पाहिली आणि ताशाचे उरलेले ठोके तिच्यामागे भुतासारखे टकटकू लागले. जुन्या गाण्याचे ठोके मोजले, १० सेकंदांत १६, म्हणजे मिनिटाला ९६. मग वापरायला मोकळं असलेलं त्याच लयीचं ढोलकीचं संगीत शोधलं आणि त्याचा पहिला ठोका जुन्या ठोक्यावर बरोबर बसेल इतकं सरकवलं. उरलेला ताशा ढोलकीच्या ठोक्यात विरून गेला.

शेवटची ११ सेकंदं मात्र काही केल्या सुटली नाहीत. तिथे गाण्यात बाईंचा आलाप आहे, आणि मामा त्यावरच "पेस्ट लावताना हातमोजे घाला" असं सांगताहेत. प्रोग्राम शिकला तो गायन वेगळं काढायला, त्याच्या लेखी आलाप आणि मामा दोघेही माणसाचाच आवाज, म्हणून दोघेही एकाच फाइलमध्ये आले. बोलणं, संगीत आणि इतर आवाज असे तीन भाग करायला शिकवलेले प्रोग्रामही आता आहेत. त्यातला एक वापरून पाहिला. आलाप थोडा दबला, पण 'हातमोजे' हा शब्दही पुसट झाला. औषध अंगावर जाऊ नये म्हणून सांगितलेलं वाक्य पुसट ठेवण्यात अर्थ नव्हता.

म्हणून पुढच्या रविवारी मामांकडे गेलो. त्याच बागेत, मोबाइल तेवढ्याच अंतरावर धरून मामांनी ते वाक्य तीनदा म्हटलं. निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसती बाग रेकॉर्ड केली: पानांची सळसळ, लांबचा पंप, मधूनच एखादा बुलबुल. मूळ क्लिपमधले हे आवाज प्रोग्रामने गाण्याबरोबर `no_vocals.wav` मध्ये टाकले होते आणि तिथून ते सोडवता येत नव्हते. त्यामुळे मामा वाक्यावाक्याला बंद खोलीत गेल्यासारखे वाटायचे. ती दोन मिनिटं पुढे पुन्हा जोडून पूर्ण क्लिपखाली हलक्या आवाजात अंथरली, तेव्हा श्वासाच्या जागा पुन्हा बागेतल्या झाल्या आणि नवं वाक्य कुठून सुरू होतं ते मामीलाही ओळखता आलं नाही.