वहीत तीन फूट, टाकीत पाच: झेड ट्रान्सफॉर्मची पहिली आणि शेवटची किंमत

औशाजवळच्या एका रोपवाटिकेत आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रोजेक्ट लावला होता. पाच फूट उंचीची टाकी, तिच्यातून ठिबकला सतत पाणी चालू, आणि वरून येणाऱ्या पाइपावर कमी-जास्त उघडणारा व्हॉल्व्ह. पातळी दोन फुटांवर होती, ती तीनवर नेऊन तिथंच ठेवायची होती. दुपारी एका मुलाचा फोन आला. "सर, वहीत तर तीन फूटच येऊ लागलंय. मग टाकी कामून सांडायलीय?"

मी त्याला वहीचं पान पाठवायला सांगितलं. आकडेमोडीत एकही चूक नव्हती. त्यानं फायनल व्हॅल्यू थिअरम लावला होता, आणि जिथं तो लावायची परवानगीच नव्हती तिथं लावला होता. इनिशियल व्हॅल्यू थिअरम आणि हा, दोन्ही पुस्तकात एकाच पानावर असतात आणि दोन्हींत एक लिमिट घ्यायची असते. त्यामुळं मुलं त्यांना जुळी भावंडं समजतात. पण एक थिअरम जवळपास कधीच दगा देत नाही, आणि दुसरा चुकीचं उत्तरही बरोबर उत्तरासारखंच देतो.

आधी दोन्ही समोरासमोर ठेवू. `n = 0` पासून सुरू होणाऱ्या क्रमाचा झेड ट्रान्सफॉर्म म्हणजे

`X(z) = x[0] + x[1]/z + x[2]/z² + …`

यात `z` खूप मोठा केला की पहिलं पद सोडून बाकी सगळी पदं शून्याकडं जातात. म्हणून `x[0] = lim X(z)`, `z → ∞`. इथं कशानंही गुणायचं नाही. लाप्लासमध्ये दोन्ही थिअरमना `s` नं गुणायची सवय लागलेली असते, म्हणून बरीच मुलं इथंही `(z−1)` लावतात आणि उत्तर अनंत आलं की गोंधळतात. `(z−1)` फक्त दुसऱ्या थिअरममध्ये येतो: `x[∞] = lim (z−1)X(z)`, `z → 1`.

खरा फरक `z` कुठं जातो यात आहे. वरची मालिका एका ठरावीक वर्तुळाच्या बाहेरच बेरजेला येते. `X(z)` चा छेद ज्या `z` ला शून्य होतो तो पोल, आणि त्या वर्तुळाची त्रिज्या सगळ्यात लांबच्या पोलाइतकी असते. अनंत हे ठिकाण त्या वर्तुळाच्या बाहेरच असतं, पोल कुठंही असोत. म्हणून क्रम फुगत जाणारा असला तरी पहिला थिअरम चालतो. `2ⁿ` चा ट्रान्सफॉर्म `z/(z−2)`. अनंताकडं त्याची किंमत 1, आणि `2⁰` सुद्धा 1. एवढंच बघायचं की क्रम शून्यापासून पुढंच चालतो आणि अंशाची घात छेदाच्या घातीपेक्षा मोठी नाही.

आता `z = 1` चं बघा. `2ⁿ` ची मालिका 2 त्रिज्येच्या वर्तुळाबाहेरच बेरजेला येते, आणि 1 हा आकडा त्या वर्तुळाच्या आत आहे. तिथं `z/(z−2)` या अपूर्णांकाला किंमत आहे, पण त्या किमतीचा आपल्या क्रमाशी संबंध उरलेला नाही. तरी सूत्रात घातलं तर `(z−1)·z/(z−2)` चं उत्तर येतं 0. क्रम 1, 2, 4, 8 करत चाललाय आणि थिअरम म्हणतो शेवटी शून्य. हे उदाहरण वर्गात सगळ्यांना पटतं, कारण ते उघड चूक आहे. औशाची टाकी मला त्याहून महत्त्वाची वाटते. तिथं चूक दिसत नव्हती.

दर दहा मिनिटांनी कंट्रोलर पातळीची नोंद घेई, तीन फुटांत किती कमी पडतंय ते बघे, आणि त्या फरकाच्या `K` पट भर पुढच्या दहा मिनिटांत पडेल एवढा व्हॉल्व्ह हलवी. पातळी जास्त असली तर व्हॉल्व्ह आवळला जाई आणि ठिबकमुळं पाणी उतरे. अडचण एकच होती. सेन्सरची नोंद वायरलेसनं एक फेरी उशिरा पोचत होती. म्हणजे कंट्रोलर आत्ताची नव्हे, दहा मिनिटांपूर्वीची पातळी बघून निर्णय घेत होता. दोन फुटांच्या वर किती चढलं त्याला `x` म्हणू, म्हणजे गाठायचंय 1:

`x[n+1] = x[n] + K(1 − x[n−1])`

सुरुवातीला सगळं शून्य धरून ट्रान्सफॉर्म घेतला की

`X(z) = K z² / ((z−1)(z² − z + K))`

पहिला थिअरम लावा. वर `z²`, खाली `z³`, म्हणजे अनंताकडं शून्य. `x[0] = 0`, बरोबर. पुढचं पाऊल हवं असेल तर `x[0]` वजा करून `z` नं गुणा आणि पुन्हा अनंताकडं जा. `x[1] = K` मिळतो, तोही बरोबर. `K` काहीही असो, ही दोन्ही उत्तरं खरी आहेत.

आता दुसरा. `(z−1)` कटतो, `z = 1` घातला की राहतं `K/(1 − 1 + K)`, म्हणजे 1. दोन अधिक एक, तीन फूट. त्या मुलाच्या वहीत नेमकं हेच होतं.

इथं थांबून एक गोष्ट बघा. उत्तरातून `K` निघूनच गेला. `K` 0.25 असो, 1.2 असो, की तारा उलट्या जोडून तो −0.1 झालेला असो, थिअरम म्हणणार तीन फूट. ज्या आकड्यावर टाकी भरणार की सांडणार हे ठरतं, तोच आकडा उत्तरात नाही. असं दिसलं की मी तरी लगेच पेन खाली ठेवतो.

`K = 1` घेऊन हातानंच चालवू. `x` येतो 0, 1, 2, 2, 1, 0, आणि पुन्हा 0, 1, 2, 2, 1, 0. टाकीत पातळी दोन, तीन, चार, चार, तीन, दोन फूट. तासाभरात एक चक्कर, आणि ती कधीच थांबत नाही. त्या मुलानं प्रोजेक्टमध्ये 1.2 ठेवला होता, म्हणजे त्याहून जास्त:

```python
K = 1.2
x = [0, 0]
for n in range(9):
    x.append(x[-1] + K*(1 - x[-2]))
print([round(v + 2, 2) for v in x[1:]])
```

छापून येतं 2, 3.2, 4.4, 4.16, 2.48, 1.09, 1.71, 4.01, 5.55, 4.34. आठव्या फेरीला, म्हणजे चालू केल्यापासून तास-दीड तासात, पातळी पाच फुटांच्या वर जाते. फोन आला तेव्हा पाणी सांडत होतं ते याच फेरीचं. उन्हाळ्यात लातूर भागात सांडलेलं पाणी बघून जीव कसा होतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर आहे.

मग थिअरमनं जो 1 दिला तो आला कुठून? `X(z)` चे आंशिक अपूर्णांक पाडा. एक तुकडा येतो `z/(z−1)` चा, म्हणजे न बदलणारा भाग, आणि उरलेले तुकडे `z² − z + K` च्या मुळांचे. `(z−1)` नं गुणून `z = 1` घातलं की उरलेले तुकडे शून्य होतात आणि हातात येतो फक्त स्थिर भागाचा गुणक. फायनल व्हॅल्यू थिअरम खरं तर एवढंच सांगतो: या क्रमात स्थिर भाग किती आहे. बाकीचा भाग विरून जाणार असेल तरच हा गुणक म्हणजे शेवटची किंमत. `K = 1` च्या क्रमातून 1 वजा करा: −1, 0, 1, 1, 0, −1. हा हेलकावा विरत नाही, फक्त त्याची बेरीज शून्य येते. म्हणून पोल बरोबर एकक वर्तुळावर असले की थिअरम सरासरी देतो. `(−1)ⁿ` ला तो 0 देतो तेही त्याच कारणानं. पोल वर्तुळाच्या बाहेर असले की सरासरीसुद्धा उरत नाही. तेव्हा जे मिळतं ते तोल साधण्याचं ठिकाण असतं, जिथं पाणी अचूक ठेवलं तर राहिलं असतं, पण जिथं ते स्वतःहून कधीच जात नाही.

म्हणून लिमिट घ्यायच्या आधी `(z−1)X(z)` लिहायचं, जे कटतं ते काटायचं, आणि खाली उरलेले सगळे पोल एकक वर्तुळाच्या आत आहेत का ते बघायचं. 1 वरचा एक पोल कटून जातो, तो चालतो. दोन असतील तर क्रम चढतच जातो, पण तिथं लिमिटही अनंत येते, त्यामुळं फसगत होत नाही.

टाकीत उरलेला छेद `z² − z + K`. मुळं काढायचीही गरज नाही. एलियाहू जुरी यांच्या नावाची जी कसोटी आहे, ती द्विघाताला तीनच गोष्टी विचारते. `z = 1` घालून धन यावं, म्हणजे `K > 0`. `z = −1` घालून धन यावं, म्हणजे `2 + K > 0`. आणि शेवटचं पद −1 आणि 1 च्या मध्ये असावं. तिन्ही मिळून `0 < K < 1`. पहिल्या अटीत उलट्या तारा पकडल्या जातात, तिसरीत 1.2. थिअरमचं उत्तर फक्त या पट्ट्यात खरं.

पट्ट्यात असूनही `K = 0.5` ला पातळी 3.25 पर्यंत चढून मग खाली येते. थिअरम शेवट सांगतो, वाट सांगत नाही, तेव्हा टाकीचा काठ जवळ असेल तर तेवढ्यानं भागत नाही. आम्ही शेवटी 0.25 ठेवला. तिथं छेद `(z − 0.5)²` होतो, दोन्ही पोल अर्ध्यावर आणि हेलकावा नाही. त्या मुलानं संध्याकाळी टाकीला लावलेल्या पट्टीचे फोटो पाठवले. पाणी 2.25, 2.5, मग 2.7 च्या जरा खाली, मग 2.8 च्या वर असं चढत होतं आणि तीनची रेघ कुठंच ओलांडत नव्हतं.