‘आज केलं’ आणि ‘काल केलं’: स्पॅनिशमधली भूतकाळाची दोन रूपं

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक. स्पॅनिश वाक्यं स्पेनमधल्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

माद्रिदमध्ये सकाळी चहा-कॉफीच्या वेळी कुणाला ‘रात्री झोप नीट लागली नाही’ असं सांगायचं असेल, तर ते दोन तऱ्हांनी सांगता येतं.

एस्ता नोचे ए दोर्मीदो माल.
आनोचे दोर्मी माल.

रात्र तीच आणि झोपही तीच, पण क्रियापद बदललं. ‘एस्ता नोचे’ म्हणजे ‘ही रात्र’. ‘ही’ म्हटलं की ती रात्र आजच्या दिवसाला चिकटली. ‘आनोचे’ म्हणजे ‘काल रात्री’. ती कालच्या खात्यात गेली. गोष्ट किती तासांपूर्वी घडली, हे इथे कुणी मोजलेलं नाही. बोलणाऱ्याने तिला कोणत्या कप्प्यात ठेवलं एवढंच क्रियापदाने पाहिलं, आणि तो कप्पा काळ दाखवणाऱ्या शब्दाने ठरवला.

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या पत्रांत आणि मेलमध्ये सर्वात जास्त दुरुस्त्या याच एका जागी होतात. म्हणून हे पत्रक फक्त त्याबद्दल आहे.

रूपं कोणती

पहिलं रूप दोन शब्दांचं. ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप (ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन) आणि पुढे ‘कोमीदो’, ‘तेर्मिनादो’ असा शब्द. ‘ए कोमीदो’ म्हणजे मी जेवलोय. दुसरं रूप एका शब्दाचं: ‘कोमी’, मी जेवलो. पुस्तकांत या दोन्हींना निरनिराळी लांबलचक नावं आहेत आणि ती देशागणिक बदलतात. आम्ही इथे ‘जोडरूप’ आणि ‘साधं रूप’ म्हणू. आंद्रेस बेल्यो या व्याकरणकारांनी १८४७ मध्ये जोडरूपाला ‘आन्तेप्रेसेन्ते’, म्हणजे ‘वर्तमानाच्या आधीचं’, असं नाव दिलं होतं. आम्हाला तेच नाव सगळ्यांत नेमकं वाटतं, कारण या रूपाचा एक पाय कायम वर्तमानात असतो.

जोडरूप लिहिताना मराठी माणसाची एक चूक हमखास होते. आपण ‘ती आली आहे’, ‘मी पोळी खाल्ली आहे’ म्हणतो. कर्त्याप्रमाणे किंवा कर्माप्रमाणे क्रियापदाचं लिंग बदलतं. तीच सवय स्पॅनिशमध्ये येते आणि ‘एल्या आ ल्येगादा’ असं लिहिलं जातं. जोडरूपात हा शब्द कधीच बदलत नाही. ती असो, ते असोत, की त्या असोत, ‘ल्येगादो’च राहतो. ती आली: एल्या आ ल्येगादो. त्या आल्या: एल्यास आन ल्येगादो.

मराठीचा हिशेब इथे का चालत नाही

‘पाहुणे काल आलेत’ हे आपल्याकडे अगदी सहज वाक्य आहे. पाहुणे अजून घरात आहेत, म्हणून ‘आलेत’. आलेली गोष्ट टिकून आहे ना, एवढंच मराठी पाहते. ‘काल’ हा शब्द त्याच्या आड येत नाही. उलट ‘मी आज सहाला उठलो’ असं आपण साध्या भूतकाळात म्हणतो, कारण उठणं झालं आणि संपलं.

स्पेनमधलं स्पॅनिश या दोन्ही ठिकाणी बरोबर उलटं जातं. पाहुणे अजून घरात असले तरी ‘आयेर’ (काल) हा शब्द आला की साधंच रूप: ‘आयेर ल्येगारोन’. आणि उठणं कधीचंच संपलेलं असलं, संध्याकाळचे सात वाजलेले असले, तरी ‘ओय’ (आज) म्हटलं की जोडरूप: ‘ओय मे ए लेबान्तादो आ लास सेइस’. आज अजून संपलेला नाही, एवढं कारण पुरतं.

इंग्रजीवरून स्पॅनिश शिकणाऱ्यांची इथे दुहेरी पंचाईत होते. इंग्रजीत ‘आज सकाळी’ घडलेली गोष्ट दुपारनंतर साध्या भूतकाळात सांगतात. स्पेनमध्ये सकाळ संपली तरी दिवस चालू असतो, आणि क्रियापद दिवसाकडे बघतं. म्हणून रात्री दहालाही ‘एस्ता मान्याना ए देसायुनादो तार्दे’, आज सकाळी मी उशिरा नाश्ता केला.

थोडक्यात, ‘ओय’ आणि ज्यांच्या आधी ‘एस्ते’ किंवा ‘एस्ता’ (हा, ही) लागतं ते शब्द कप्पा उघडा ठेवतात: एस्ता सेमाना (हा आठवडा), एस्ते मेस (हा महिना), एस्ते आन्यो (हे वर्ष). ‘आयेर’, ‘ला सेमाना पासादा’ (गेला आठवडा), ‘एल आन्यो पासादो’ (गेलं वर्ष), ‘आथे दोस दीआस’ (दोन दिवसांपूर्वी) हे शब्द कप्पा बंद करतात. मार्चमधली गोष्ट ‘या वर्षी’ म्हणून सांगितली तर जोडरूप, आणि गेल्या रविवारची गोष्ट सोमवारी ‘काल’ म्हणून सांगितली तर साधं रूप. मार्च लांबचा आणि रविवार जवळचा, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

एक मेल, शुक्रवारी आणि सोमवारी

पुण्यातल्या एका टेस्टिंग टीमने व्हॅलेन्सियाच्या ऑफिसला दर शुक्रवारी कामाचा अहवाल पाठवायचा आहे, असं धरा. शुक्रवारी संध्याकाळी लिहिलेल्या चार ओळी अशा:

एस्ता सेमाना एमोस तेर्मिनादो लास प्रुएबास. (या आठवड्यात आम्ही चाचण्या पूर्ण केल्या.)
एल मार्तेस एन्कोन्त्रामोस दोस एर्रोरेस. (मंगळवारी दोन चुका सापडल्या.)
ओय एमोस एन्बिआदो एल इन्फोर्मे. (आज अहवाल पाठवला.)
तोदाबीआ नो एमोस रेथिबीदो रेस्पुएस्ता. (अजून उत्तर आलेलं नाही.)

दुसऱ्या ओळीपाशी जरा थांबा. मंगळवार याच आठवड्यातला, मग तिथे साधं रूप का? कारण त्या वाक्यात आठवड्याचं नाव नाही, मंगळवारचं आहे, आणि मंगळवार संपलेला आहे. मोठा कप्पा उघडा असला तरी वाक्यात नाव घेतलेला छोटा कप्पा बंद असेल, तर त्या वाक्यापुरती छोट्याचीच सत्ता. ‘एस्ते मार्तेस’ म्हणून जोडरूप वापरणारे लोकही स्पेनमध्ये भेटतात. पण वाराचं नाव घेऊन साधं रूप लिहिलं, तर कुणालाच खटकणार नाही.

आता हाच मजकूर सोमवारी दुसऱ्या साहेबांना पाठवायचा आहे. पुष्कळ जण पहिल्या ओळीत ‘एस्ता सेमाना’ खोडून ‘ला सेमाना पासादा’ लिहितात आणि क्रियापद तसंच सोडतात. मग ‘ला सेमाना पासादा एमोस तेर्मिनादो’ असं वाक्य तयार होतं. ते माद्रिद-व्हॅलेन्सियाच्या कानाला लगेच टोचतं. सोमवारचा मजकूर असा हवा:

ला सेमाना पासादा तेर्मिनामोस लास प्रुएबास.
एल मार्तेस एन्कोन्त्रामोस दोस एर्रोरेस.
एल बिएर्नेस एन्बिआमोस एल इन्फोर्मे.
तोदाबीआ नो एमोस रेथिबीदो रेस्पुएस्ता.

पहिली आणि तिसरी ओळ बदलली, दुसरी होती तशी राहिली. चौथीही बदलली नाही, आणि खरी गंमत चौथीतच आहे. ‘तोदाबीआ नो’ म्हणजे ‘अजून नाही’. वाट पाहणं शुक्रवारी सुरू झालं आणि सोमवारीही चालूच आहे, त्यामुळे तो कप्पा उघडा आहे. बाकी सगळं साध्या रूपात गेलं म्हणून हीही ओळ ओढून ‘नो रेथिबीमोस रेस्पुएस्ता’ केली, तर अर्थ सरकतो. ‘उत्तर आलं नाही, विषय संपला’ असं वाचणाऱ्याला वाटू शकतं, आणि तुम्हाला तर उत्तर हवं आहे.

आणखी एक बारकी अडचण. ‘तेर्मिनामोस’, ‘एन्बिआमोस’ ही रूपं ‘आम्ही संपवतो, पाठवतो’ आणि ‘आम्ही संपवलं, पाठवलं’ अशा दोन्ही अर्थांनी सारखीच लिहितात. ‘-आर’ने संपणाऱ्या नियमित क्रियापदांचं ‘आम्ही’चं रूप वर्तमानात आणि साध्या भूतकाळात एकच आहे. म्हणून अशा वाक्यातून ‘ला सेमाना पासादा’ किंवा ‘एल बिएर्नेस’ गाळू नका. ते गेलं की काम झालं की होतंय, हे वाचणाऱ्याला कळायला जागा उरत नाही.

वाक्यात काळाचा शब्दच नसेल तेव्हा

अशा वेळी कप्पा मनातला असतो. ‘आस एस्तादो एन माद्रिद?’ या प्रश्नात आजवरचं सगळं आयुष्य धरलेलं आहे: कधी गेला आहात का? ‘एस्तुबिस्ते एन माद्रिद?’ विचारणाऱ्याच्या डोक्यात एखादी ठरावीक सहल असते: त्या वेळी माद्रिदला होता का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस दोन वाक्यांत रूप बदलतो: ‘सी, ए एस्तादो दोस बेथेस. एस्तुबे एन २०१९.’ होय, दोनदा गेलोय. २०१९ मध्ये गेलो होतो. सालाचं नाव घेतलं त्या क्षणी कप्पा बंद झाला. तोंडी परीक्षेत हा बदल सहज जमलेला उमेदवार परीक्षकाच्या नक्की लक्षात येतो.

पत्र कुठे जातंय ते आधी पाहा

वर सांगितलेलं सगळं प्रामुख्याने माद्रिद आणि स्पेनच्या मध्य-पूर्व भागातलं आहे. खुद्द स्पेनमध्येच गालिथिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवर लोक ‘ओय कोमी’ असं साध्या रूपात सर्रास बोलतात. मेक्सिको, अर्जेंटिनाचं ब्वेनोस आयरेस आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत आजची झालेली गोष्ट साध्याच रूपात सांगतात. जेवणाच्या सुट्टीनंतर मेक्सिकोतला सहकारी ‘या कोमिस्ते?’ विचारेल आणि माद्रिदचा ‘या आस कोमीदो?’ म्हणेल. दोघं एकच विचारताहेत: जेवलास का? त्यामुळे मेक्सिकोहून आलेल्या मेलमध्ये ‘ओय तेर्मिनामोस’ दिसलं तर ती चूक समजून दुरुस्त करू नका. बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात आणि अर्जेंटिनाच्या वायव्येला उलटंही ऐकू येतं, तिथे जोडरूप ‘काल’सोबतसुद्धा चालतं.

मेक्सिकोच्या ऑफिसला लिहिताना माद्रिदची पद्धत वापरली तर काही बिघडत नाही. तुम्ही स्पेनचं स्पॅनिश शिकलात एवढंच त्यांना कळेल. मात्र एकाच पत्रात दोन्ही पद्धती मिसळू नका. पहिल्या परिच्छेदात ‘ओय एमोस एन्बिआदो’ आणि तिसऱ्यात ‘ओय एन्बिआमोस’ आलं, की त्या दोन ‘पाठवलं’मध्ये काही फरक असेल असं वाटून वाचणारा तो शोधत बसतो.

मजकूर तपासायला पाठवताना दोन गोष्टी वर लिहून द्या: पत्र कोणत्या देशात जाणार आहे, आणि ते कोणत्या तारखेला वाचलं जाणार आहे. शुक्रवारी आमच्याकडे आलेलं पत्र सोमवारी निघणार असेल आणि आम्हाला ते माहीत नसेल, तर आम्ही बरोबर केलेली क्रियापदं तुमच्या हाती पोहोचेपर्यंत चुकलेली असतात.