पार्श्वभूमी : शब्दांवरून मूलस्थानाचा शोध

जिनिव्हाचे अभ्यासक अडोल्फ पिक्ते यांनी १८५९ मध्ये ‘भाषिक पुराजीवशास्त्र’ हे नाव रूढ केले. एखाद्या वस्तूसाठी भगिनी-भाषांमध्ये ध्वनिनियमांनुसार जुळणारा शब्द सापडला, तर तो मूळ भाषेत असणार आणि ती वस्तूही तिच्या भाषकांना ठाऊक असणार, असा या पद्धतीचा तर्क आहे. इंडो-युरोपीय भाषांचे मूलस्थान शोधण्यासाठी तो सर्वाधिक वापरला गेला आणि तिथेच त्याच्या मर्यादाही उघड झाल्या.

सॅमन माशाचे उदाहरण बोलके आहे. जर्मनमध्ये ‘लाख्स’, लिथुआनियनमध्ये ‘लाशिशा’ आणि रशियनमध्ये ‘लोसोस’ हे शब्द सॅमनवर्गीय माशासाठी आहेत. अटलांटिक सॅमन काळ्या किंवा कॅस्पियन समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत नसतो. म्हणून मूलस्थान बाल्टिक किनाऱ्याजवळ असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. पुढे मध्य आशियातील तोखारी भाषेच्या हस्तलिखितांत ‘लक्स’ हा शब्द नुसत्या ‘मासा’ या अर्थाने आढळला, तेव्हा शब्दाचे प्राचीनत्व पक्के झाले, पण त्याच्या मूळ अर्थाविषयी शंका निर्माण झाली. कॉकेशसमधील ओसेटियन भाषेत याच शब्दाचा वंशज ट्राउटसाठी वापरला जातो. रिचर्ड डीबोल्ड यांनी मूळ अर्थ ट्राउट हाच असल्याचे मांडले. हा मासा काळ्या समुद्राकडच्या नद्यांतही मिळत असल्याने बाल्टिकचा दावा उरला नाही. ध्वनी नियमाने बदलतात, अर्थ मात्र तसे बदलत नाहीत. लोक नव्या प्रदेशात गेले की जुनी नावे तिथल्या प्राण्या-झाडांना देतात. लॅटिनमध्ये बीच वृक्षाचे जे नाव आहे, तेच ग्रीकमध्ये ओकच्या एका जातीला लागले आहे.

त्यामानाने गाडीची शब्दावली भक्कम आहे, कारण तिथे एकटा शब्द नसून संच आहे. चक्र, अक्ष आणि युग हे संस्कृत शब्द (मराठीतले चाक, आस आणि जू त्यांच्यापासूनच आले) दूरच्या युरोपीय भाषांतील शब्दांशी जुळतात. चाकाचे पुरातत्त्वीय पुरावे साधारण इ.स.पू. ३५०० च्या सुमारापासून मिळतात, त्यामुळे मूळ भाषा त्याआधीच पूर्णपणे फुटली असणे अवघड ठरते. पण येथेही फट आहे. अनातोलियातील हित्ती भाषेत चाकाला ‘हुर्की’ हा निराळा शब्द आहे. गाडीच्या संचापैकी तिथे सापडतात ते जू आणि दांडी (संस्कृत ‘ईषा’) यांचे शब्द, आणि हे दोन्ही भाग नांगरालाही असतात. म्हणजे हित्तीची शाखा चाकापूर्वीच वेगळी झाली असणे शक्य आहे. ‘चक्र’ हा शब्द फिरणे या अर्थाच्या धातूपासून बनला असल्याने तो निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडला असावा, असाही आक्षेप घेतला जातो. मात्र धातूचे द्वित्त करून नाम घडवण्याची ही विरळ पद्धत अनेक ठिकाणी योगायोगाने सारखीच निपजली असेल, हे पटण्याजोगे नाही.