थरथर थांबवायला जोरजोरात श्वास?

“परीक्षेआधी हात थरथरले तर भराभर खोल श्वास घ्या, मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो,” असा सल्ला ऐकायला मिळतो.

निरोगी माणसाच्या रक्तात बसल्याजागीच ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर असतो. बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहा. भराभर श्वासाने उलट कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि संगणकावरच्या परीक्षेत माउसचा बाण पर्यायावर ठरेनासा होतो. सल्ला अर्धा बरोबर आहे म्हणूनच तो टिकला असावा: श्वास हवाच, पण संथ.

नाकाने ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. सूचनांचा पडदा समोर असतानाच २-३ मिनिटं करा. आधी-नंतर नाडी मोजा. थोडी थरथर उरेल, ती अ‍ॅड्रेनलिनची. क्लिक करण्यापूर्वी मनगट टेबलावर टेकवा.