झीज की नुकसान? कॅमेऱ्याचं सामान भाड्याने देताना पडणारा खरा प्रश्न

दोन दिवसांसाठी भाड्याने दिलेली ७०-२०० मिमी लेन्स परत आली, तेव्हा तिच्यावर दोन नव्या खुणा होत्या. हूडच्या कडेला बोटभर लांब, ठसठशीत ओरखडा होता. शिवाय पुढे फिल्टर बसवतात त्या रिंगचा इवलासा भाग चपटा झाला होता. तो डोळ्यांना दिसलाही नसता, पण फिल्टर फिरवून बसवताना अडला म्हणून कळला. ओरखड्यासाठी मी एक पैसाही कापला नाही. त्या न दिसणाऱ्या चपट्या जागेसाठी मात्र डिपॉझिटमधला बराच भाग ठेवून घेतला.

हे उलटं वाटेल. पण पडून असलेलं सामान ऑनलाइन जाहिरात टाकून भाड्याने देणाऱ्यांची सगळ्यात जास्त भांडणं याच गोंधळातून होतात. झीज आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पैसे वेगवेगळ्या खिशातून येतात. झिजेचे पैसे भाड्यात आधीच आलेले असतात. नुकसानीचे पैसे डिपॉझिटमधून येतात. झिजेसाठी डिपॉझिट कापलं तर चांगलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. नुकसान झीज म्हणून सोडून दिलं तर चार-सहा महिन्यांनी कळतं, की आपण वस्तूच विकून खाल्ली.

ओळखायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही वस्तू नीट, सांभाळून वापरली असती तरी हे झालंच असतं का? उत्तर हो असेल तर ती झीज. हूड असतंच मुळी घासून घ्यायला. हॉट शूचा रंग फ्लॅश लावून-काढून जातो, ग्रिपचं रबर घामाने सैल होतं, माउंटच्या धातूची चकाकी लेन्स बदलून बदलून कमी होते. हूड सोडलं तर यातलं काहीच एका दिवसात, एका माणसाच्या हातून होत नाही. नुकसान मात्र एका क्षणी होतं: पडणं, आपटणं, पाणी आत जाणं, जोर लावून चुकीचं कार्ड खुपसणं. त्या क्षणी वस्तू कुणाच्या हातात होती हे सांगता येतं, म्हणूनच त्याची जबाबदारी त्या माणसावर टाकता येते.

झिजेचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे शटर. समजा, एखाद्या बॉडीचं शटर २ लाख वेळा चालेल असं कंपनी सांगते. एखाद्याने समारंभासाठी ती नेली आणि ४,००० फोटो काढले. म्हणजे शटरचं २ टक्के आयुष्य गेलं. हे २ टक्के बॉडीच्या किमतीचे धरू नका, शटर बदलायला येणाऱ्या खर्चाचे धरा. तो खर्च बॉडीच्या किमतीच्या १५ टक्के धरला, तर या कामाची झीज बॉडीच्या किमतीच्या ०.३ टक्के झाली. मी दिवसाचं भाडं वस्तूच्या आजच्या किमतीच्या ३ टक्क्यांच्या आसपास ठेवते, त्यात हे सहज सामावतं. म्हणून ‘फार फोटो काढले’ ही तक्रार मी कधीच करत नाही. आकडा मात्र देताना आणि घेताना दोन्ही वेळा लिहून ठेवते. काही कॅमेऱ्यांत तो मेनूत दिसतो. निकॉनच्या फाइलमधून असा काढता येतो:

```
exiftool -ShutterCount photo.NEF
```

इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोंनी यांत्रिक शटर झिजत नाही, हेही ध्यानात असू द्या.

खरी पंचाईत होते ती दोन्ही गोष्टी फोटोत जवळपास सारख्या दिसतात तेव्हा. सेन्सरचंच बघा. कॅमेरा परत आला, फोटोत डाग दिसतात. धूळ असेल तर ती झीजच. लेन्स बदलली की धूळ आत जाणारच, तिच्यासाठी कुणाला धरता येत नाही. पण तोच कॅमेरा लेझर लाइट असलेल्या कार्यक्रमात नेला असेल आणि किरण थेट लेन्समध्ये शिरला असेल, तर सेन्सर जळलेला असू शकतो. ते नुकसान आहे, आणि महाग नुकसान आहे. अनेकदा सेन्सरच बदलावा लागतो.

फरक पाहायला पाचच मिनिटं लागतात. कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस बिघडवून, एफ १६ वर एक फोटो काढा. मग तसाच एफ २.८ वर, किंवा लेन्स जितकी उघडते तितक्यावर. धूळ सेन्सरच्या पुढच्या काचेवर बसलेली असते. तिची सावली एफ १६ वर करडा, मऊ कडांचा ठिपका होऊन दिसते आणि ॲपर्चर उघडलं की पसरून जवळजवळ नाहीशी होते. ब्लोअरने हवा मारली तर जागा बदलते किंवा जाते. लेझरने जळलेली जागा पिक्सेलमध्येच असते. ती कुठल्याही ॲपर्चरला तशीच, कडक कडांची, बहुधा रंगीत ठिपक्याची किंवा फोटोभर आडव्या-उभ्या गेलेल्या रेघेची दिसते आणि ब्लोअरने हलत नाही. एखाददुसरा एकाकी चमकणारा पिक्सेल वयानुसारही येतो, तो मी झिजेत धरते. रेघ मात्र वयाने सहसा येत नाही.

आता त्या लेन्सकडे येते. चपटी झालेली रिंग सांगत होती की लेन्स पुढच्या बाजूने कशावर तरी आपटली. पण नुसती रिंग चपटी होणं ही किरकोळ दुरुस्ती आहे. आतली काच सरकली का, हा खरा प्रश्न होता. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून विटांच्या भिंतीसमोर, भिंतीला अगदी समांतर ठेवला. मधोमध फोकस करून ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं आणि ७० वर व २०० वर एकेक फोटो काढला. चारही कोपरे सारखेच मऊ दिसले असते तर तो लेन्सचा स्वभाव म्हणून सोडून दिला असता. इथे २०० वर वरचा डावा कोपराच विरघळल्यासारखा होता, बाकीचे तीन ठीक.

तरी मी लगेच निष्कर्ष काढला नाही. कॅमेरा किंचित तिरका असला तरी एक बाजू मऊ येते. म्हणून कॅमेरा उलटा करून, म्हणजे वरची बाजू खाली करून, तोच फोटो पुन्हा काढला. चूक मांडणीची असती तर मऊपणा भिंतीच्या त्याच भागावर राहिला असता. इथे तो कॅमेऱ्याबरोबर फिरला: फोटोचा तोच कोपरा, पण भिंतीचा समोरचा भाग. मग त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून पाहिली, ती चारही कोपऱ्यांत ठीक. म्हणजे बॉडीचं माउंट नाही, लेन्सच.

घेणाऱ्याने विचारलं, ‘ताई, हे आधीपासूनच नसेल कशावरून?’ प्रश्न अगदी रास्त होता. झूम लेन्स नवीकोरी असतानाही थोडी तिरकी असू शकते. माझ्याकडे उत्तर होतं ते एवढ्याचसाठी, की प्रत्येक वेळी देण्याआधी मी हेच फोटो त्याच भिंतीसमोर काढते, आणि सीरियल नंबर दिसेल असा लेन्सचा फोटो त्याला समोर ठेवूनच घेते. दोन दिवसांपूर्वीच्या फोटोत तो कोपरा स्वच्छ होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्याला दाखवले. लेन्स गाडीत सीटवरून खाली आली होती, हे त्याने मग स्वतःच सांगितलं.

आधीचे फोटो नसतील तर नुकसान आणि झीज यांतला फरक तुम्हाला कळेल, पण दुसऱ्याला पटवता येणार नाही. शिवाय बहुतेक वेबसाइटवर तक्रार करायला ठरावीक मुदत असते. ती आधीच वाचून ठेवा आणि सामान परत आल्या दिवशीच तपासा.

डिपॉझिट किती ठेवावं, हे याच फरकावरून ठरतं. पुष्कळ जण वस्तूची पूर्ण किंमत मागतात. त्याने चांगली माणसं पळतात, आणि चोरी करायचीच असेल त्याला तेही अडवत नाही. मी वस्तूच्या नेहमी होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीचा अंदाज सर्व्हिस सेंटरकडून आधीच काढून ठेवते आणि डिपॉझिट तेवढंच ठेवते. लेन्सला ते साधारण पुढच्या काचेच्या जोडणीचं काम असतं, बॉडीला शटर किंवा माउंटचं. डिपॉझिट कार्डवर अडकवून ठेवलेल्या रकमेच्या रूपात असेल, तर ती रक्कम काही दिवसांनी, बहुधा आठवडाभरात, आपोआप मोकळी होते. लांब मुदतीला सामान देताना हे विसरलं तर हातात काहीच उरत नाही.

सामान परतच न आणणं ही झीज नाही आणि नुकसानही नाही. तिथे डिपॉझिट तोकडं पडतं. पुष्कळशा विमा पॉलिसीही आपण स्वखुशीने दिलेली वस्तू परत आली नाही तर भरपाई देत नाहीत, म्हणून ते कलम विचारून घ्या. त्यावर उपाय माणूस पारखणं हाच. कालच उघडलेलं खातं, सगळ्यात महागडा सेट, जास्तीत जास्त दिवस आणि घ्यायला येणार दुसराच कुणी, असं जुळून आलं की मी नाही म्हणते. ओळखपत्रावरचा चेहरा आणि सामान न्यायला आलेला चेहरा एकच हवा.

नुकसानीसाठीही पारख लागते, पण तिचे प्रश्न वेगळे. ‘काय शूट करताय, कुठे?’ असं मी सरळ विचारते. समुद्रकिनारा म्हटला की वाळूचं बोलते, कार्यक्रम म्हटला की लेझर आहे का ते विचारते. उत्तर द्यायला जो कुरकुरतो त्याला देत नाही. आणि जाहिरातीतच लिहून ठेवते: हूडवरचे ओरखडे, रंग जाणं, सेन्सरवरची धूळ यांचे पैसे घेतले जाणार नाहीत. पडणं, पाणी, वाळू, लेझर यांचे घेतले जातील, दुरुस्तीच्या बिलाइतकेच. दुरुस्तीत वस्तू अडकून पडली त्या दिवसांचं भाडं घ्यायचं असेल तर तेही आधीच लिहायला हवं, नंतर मागणं बरोबर नाही.

वाळू मात्र मलाही कधी कधी पेचात टाकते. झूम लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते, तिच्याबरोबर बारीक धूळ आत जाते. ती झीज. रिंग फिरवताना करकर आवाज आला, हाताला खरखर लागली, तर ते वाळूचे कण, आणि ते नुकसान. मधलं काही असेल, म्हणजे रिंग थोडी जड वाटते पण आवाज नाही, तर मी घेणाऱ्याच्या बाजूने निर्णय देते आणि पुढच्या वेळेसाठी नोंद करते.

त्या ७०-२०० चं अंदाजपत्रक आलं तेव्हा त्यात तीन कामं होती: आतली जोडणी सरळ करणं, पुढची रिंग बदलणं आणि झूम रिंगचं रबर नवं लावणं. रबर माझ्याकडेच दोन वर्षांत सैल झालं होतं, त्याचे पैसे मी भरले. पहिल्या दोन कामांना डिपॉझिटच्या ६० टक्के लागले. बिलाची प्रत आणि उरलेले ४० टक्के त्याला त्याच दिवशी पाठवले. लेन्स दुरुस्त होऊन आली तशी पहिल्यांदा त्याच विटांच्या भिंतीसमोर नेली आणि ७० व २०० वर नवे फोटो काढून ठेवले.